तिसऱ्या ग्रेडच्या पुस्तकातली ती धून

पियानोची ग्रेडची परीक्षा दिलेल्या माणसाला वीस वर्षांनी सगळं विसरायला होतं, पण एखादी धून राहते. पिसाचं नाव जातं, संगीतकाराचं नाव तर मुळात लक्षातच घेतलेलं नसतं. उरतात आठ-दहा सूर, डाव्या हाताची एखादी हालचाल आणि ‘तिसऱ्या ग्रेडला होतं बहुतेक’ हे एक वाक्य. एवढ्या सामग्रीवरून पिसाचं नाव कसं काढायचं आणि त्याची काठिण्यपातळी कशी ठरवायची, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

सोनपेठला बसून हे लिहावं लागलं याचं कारण साधं आहे. आमच्याकडे संगीताची परीक्षा म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. पण पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या घरांतली मुलं तिकडं पियानो शिकली, ग्रेडच्या परीक्षा देऊन आली, सुटीत गावी येताना एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आणि परीक्षेचं पुस्तक घेऊन आली. पुस्तक पुढं रद्दीत गेलं किंवा चुलत भावंडांकडं गेलं. मी इथं हार्मोनियम आणि कीबोर्ड शिकवतो, त्यामुळं ही मंडळी मोठी झाल्यावर माझ्याकडं गुणगुणत येतात.

गांधर्वची परीक्षा दिलेल्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. प्रवेशिकेला कोणते राग होते ते कधीही सांगता येतं, कारण भूप, यमन, बिहाग हे अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं टिकून असतात. पियानोच्या ग्रेडचं तसं नाही. लंडनची दोन मंडळं आपल्याकडं जास्त चालतात. एक, १८८९ साली स्थापन झालेलं एबीआरएसएम, ज्याला जुने शिक्षक असोसिएटेड बोर्ड म्हणतात. दुसरं ट्रिनिटी कॉलेज लंडन. दोन्हीकडं पहिली ते आठवी ग्रेड, आणि दोन्हीकडं पिसांची यादी ठरावीक काळानं बदलते. असोसिएटेड बोर्डाचं पियानोचं पुस्तक गेली बरीच वर्षं दर दोन वर्षांनी नवं येतं. त्यामुळं ‘तिसऱ्या ग्रेडचं पीस’ म्हटल्यानं काहीच ठरत नाही. कोणत्या मंडळाचं आणि कोणत्या वर्षाचं, हे कळलं की मात्र शोध एकदम एका पुस्तकातल्या मोजक्या पिसांवर येतो.

म्हणून पहिलं काम गाण्याचं नसून कागद शोधण्याचं आहे. पुस्तक टाकून देतात, पण प्रमाणपत्र कुणी टाकत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाइलीत, आईच्या कपाटात, ते असतंच. त्यावर ग्रेड आणि साल असतं. नुसते गुण आठवत असले तरी मंडळ ओळखता येतं. असोसिएटेड बोर्डाची ग्रेडची परीक्षा दीडशे गुणांची, त्यात शंभरला पास, एकशेवीसला मेरिट, एकशेतीसला डिस्टिंक्शन. ट्रिनिटीची शंभर गुणांची, त्यात साठला पास, पंच्याहत्तरला मेरिट, सत्त्याऐंशीला डिस्टिंक्शन. कुणी म्हणालं, ‘मला एकशेबावीस पडले होते,’ तर ती असोसिएटेड बोर्डाची मेरिट. परीक्षकानं हातानं लिहिलेला गुणतक्ता सापडला तर फारच बरं, कारण त्यावर वाजवलेल्या पिसांचे यादीतले क्रमांकही टिपलेले असू शकतात.

पुस्तकात पीस कुठं होतं, हेही विचारावं. असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षेत तीन पिसं वाजवायची असतात, ए, बी आणि सी या तीन याद्यांतून एकेक. पुस्तकात बराच काळ प्रत्येक यादीतली तीन, अशी नऊ पिसं त्याच क्रमानं छापलेली असायची. तेव्हा ढोबळमानानं ए यादीत बाखच्या काळातलं किंवा त्या वळणाचं संगीत, बी यादीत अभिजात आणि रोमँटिक काळातलं, आणि सी यादीत विसाव्या शतकातलं व त्यानंतरचं, जॅझच्या अंगाचं वगैरे असायचं. २०२१पासूनच्या पुस्तकांत ही वाटणी बदलली. आता ए म्हणजे बोटांची चपळाई लागणारी, बी म्हणजे गेय आणि सी म्हणजे निरनिराळ्या शैलींतली पिसं. तेव्हा जुन्या विद्यार्थ्याला ‘पुस्तकाच्या सुरुवातीला होतं की शेवटी?’ असं विचारलं आणि तो ‘अगदी शेवटचं’ म्हणाला, तर अठराव्या शतकातले संगीतकार बाजूला ठेवायला हरकत नाही. मुलं पुस्तकातली जागा विसरत नाहीत. पान कडेला दुमडलेलं, शेवटच्या पानावर शिक्षिकेनं पेन्सिलीनं लिहिलेली बोटं, असं काहीतरी त्यांना आठवतं.

पण कागद सापडला नाही तर धुनेकडंच जावं लागतं, आणि इथं एक नियम मी कधी मोडत नाही. आधी लिहायचं, मग ऐकायचं. मोबाइलवर एकापाठोपाठ एक पीस ऐकत ‘हे का? हे का?’ असं करू नये. चार पिसं ऐकली की मूळ आठवण त्यांच्यात मिसळते, आणि मग पाचव्या पिसाला माणूस खात्रीनं ‘हेच ते’ म्हणतो. ती खात्री खोटी असते आणि ती पुसणं फार कठीण जातं. म्हणून कुठलंही पीस ऐकायच्या आत धून गाऊन घ्यावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि सरगममध्ये कागदावर उतरवावी. जे आठवत नाही तिथं रिकामी जागा सोडावी, अंदाजानं भरू नये.

सरगम हे आपल्याला आयतं मिळालेलं साधन आहे. १९४८ साली बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांनी पाश्चात्त्य संगीतातल्या हजारो धुनांचा कोश काढला. त्याच्या सूचीत प्रत्येक धून सी मेजर किंवा सी मायनरमध्ये आणून तिचे सूर अकारविल्हे लावलेले आहेत. मूळ पीस कुठल्याही पट्टीत असो, सूचीत ते सीवरच. म्हणजे आपण सा मानून सरगम लिहितो तेच त्यांनी केलं. साच्या जागी सी, रेच्या जागी डी, कोमल गच्या जागी ई फ्लॅट, असं केलं की आपली सरगम त्यांच्या सूचीचा शब्द होते. कोशात मैफलीतल्या मोठ्या कृती जास्त आहेत, मुलांच्या शिकाऊ पुस्तकांतलं थोडं. पण ही रीत सगळ्या शोधांना उपयोगी पडते.

यात हमखास होणारी एक गफलत अशी की माणूस पहिल्या सुराला सा म्हणून बसतो. ज्या मिन्युएटनं जगातल्या अर्ध्या मुलांचा पियानो सुरू होतो, ते जी मेजरमधलं मिन्युएट घ्या. त्याची सुरुवात पंचमावर आहे: प, सा रे ग म, प सा सा. पुढं ध, म प ध नि, सां सा सा. पहिल्या सुरालाच सा मानलं तर खाली मध्यम, पंचम, धैवत, कोमल निषाद असं काहीतरी लागतं आणि सूचीत ते कुठंच सापडत नाही. सा ओळखायचा तर धून पहिल्या मोठ्या विश्रांतीला कुठं टेकते ते पाहावं. हे मिन्युएट सोळाव्या बारला जीवर येऊन थांबतं, तो सा.

याच मिन्युएटनं आणखी एक गोष्ट शिकवली. १७२५ सालच्या आना माग्दालेना बाख हिच्या वहीत ते आहे, म्हणून पिढ्यान्पिढ्या ते योहान सेबास्टियान बाखचं म्हणून छापलं गेलं. १९७०च्या दशकात संशोधकांनी ते ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्डचं असल्याचं दाखवलं. त्यामुळं एका पुस्तकात बाख आणि दुसऱ्यात पेट्झोल्ड असं नाव दिसलं तरी पीस एकच असू शकतं. नुसतं ‘मिन्युएट इन जी’ म्हटल्यानं मात्र पीस ठरत नाही, त्या नावाची मिन्युएट कितीतरी आहेत. संगीतकार, ओपस, त्यातला क्रमांक आणि पट्टी, एवढं मिळालं की नाव मिळालं असं मी मानतो.

सरगममध्ये खात्री नसेल तर आणखी सोपी रीत आहे. १९७५ साली डेनिस पार्सन्स यांनी असा कोश काढला की ज्यात सुरांची नावंच लागत नाहीत. पुढचा सूर वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढंच लिहायचं. वरसाठी यू, खालीसाठी डी, तोच असेल तर आर, आणि पहिल्या सुराच्या जागी तारा. बेसुरा गाणाराही वर-खाली सहसा चुकत नाही, म्हणून ही रीत टिकते. तिची मर्यादा अशी की सात-आठ सुरांत पुष्कळ धुना सारख्याच निघतात. तेरा-चौदा सूर असतील तर ती कामाची.

आता एक शोध पूर्ण सांगतो. आमच्याच गावच्या एक ताई, लहानपण पुण्यात गेलेलं. परीक्षा दिली होती, प्रमाणपत्र घर बदलताना गहाळ झालं. त्या म्हणाल्या, ‘सर, तिसरी ग्रेड असावी. लई फास्ट होतं बघा. आधी डाव्या हाताचे ठोके, मग उजवा हात पळत सुटायचा.’ मी त्यांना काही ऐकवलं नाही. गायला लावलं. पहिल्यांदा त्यांनी पाच सूर गायले, चार झरझर आणि पाचवा थांबलेला. मग पुन्हा पाच, या वेळी वर जाणारे. मग आणखी पाच, त्याहून वर. कागदावर असं आलं: सा रे ग रे सा, सा रे ग म प, म प ध नि सां. ग, ध आणि नि कोमल. पुढचं त्यांना आठवेना, तिथं जागा सोडली. वर-खालीच्या खुणांत तेच असं दिसतं:

```
*UUDDRUUUUDUUUU
```

मग मी धुनेव्यतिरिक्त तीन प्रश्न विचारले. ठेका दोनचा की तीनचा? त्यांनी टाळी दिली ती दोनची होती. मधे काही बदलायचं का? ‘हो, मधे डावा हात पळायचा आणि माझी पंचाईत व्हायची.’ काळ्या पट्ट्या किती लागायच्या? ‘सुरुवातीला एकही नाही, सगळ्या पांढऱ्या.’ हे शेवटचं उत्तर सोन्यासारखं आहे. कोमल ग, ध, नि असलेली धून आणि हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, याचा अर्थ सा म्हणजे ए. पट्टी ए मायनर. सरगमनं पट्टी सांगता येत नाही, ती बोटांच्या आठवणीनं सांगितली.

ए मायनर, दोनचा ठेका, आधी डाव्या हाताचे पुन्हापुन्हा वाजणारे ठोके, मग उजव्या हातात पाच-पाच सुरांचे झटके, मधल्या भागात तेच काम डाव्या हाताकडं. हे सगळं एकत्र बसतं ते फ्रीडरिश बुर्गम्युलरच्या ओपस १००मधल्या दुसऱ्या पिसात, ‘अराबेस्क’मध्ये. बुर्गम्युलर १८०६ साली रेगेन्सबुर्गला जन्मला, पॅरिसमध्ये राहून शिकवत राहिला आणि १८७४ साली वारला. ओपस १००मध्ये लहान हातांसाठीचे पंचवीस सोपे अभ्यास आहेत आणि ते आजही परीक्षांच्या यादीत फिरून फिरून येतात. अराबेस्क नावाची पिसं शूमानचीही आहेत आणि दब्यूसीचीही, म्हणून ओपस आणि क्रमांक सोडता येत नाही.

नाव मनात आलं तरी मी ताईंना ध्वनिमुद्रण ऐकवलं नाही. आधी छापील स्वरलेखनाशी कागद ताडून पाहिला. बुर्गम्युलरचं संगीत हक्कमुक्त असल्यामुळं ते आयएमएसएलपीवर मिळतं. मग ते पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि डाव्या हाताचे पहिले दोन बार हळू वाजवायला सांगितलं. तिसऱ्या बारला उजवा हात न सांगता खाली आला आणि पुढचे दोन झटके पान न बघता वाजले. ज्या जागा आम्ही कागदावर रिकाम्या सोडल्या होत्या, त्या बोटांनी भरल्या. कानाची ‘ओळखीचं वाटतंय’ ही साक्ष कच्ची असते. न वाचता पुढचा बार वाजला, ही पक्की. हल्लीच्या कलाकारांची ध्वनिमुद्रणं मुलांनी वाजवलेल्या लयीपेक्षा दुप्पट वेगाची असतात, त्यामुळं ऐकून कधीकधी खरं पीसही अनोळखी वाटतं.

आता काठिण्यपातळीचं. ताईंना हे पीस फार अवघड वाटलं होतं, ‘तिसरी नसेल, पाचवीच असेल’ असंही एकदा म्हणून झालं. आठवणीतली अवघडपणाची मोजपट्टी अशीच असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जे जड गेलं ते मोठेपणी आणखी मोठं दिसतं. म्हणून सांगितलेली ग्रेड नेहमी एक खाली आणि एक वर असा पट्टा धरून घ्यावी. तिसरी म्हणाले तर दुसरी ते चौथी. शिवाय तेच पीस एका मंडळात एका ग्रेडला आणि दुसऱ्या मंडळात किंवा दुसऱ्या वर्षी वेगळ्या ग्रेडला लागू शकतं.

पातळी पानावरूनच ठरवायची तर चार गोष्टी बघाव्यात. पट्टीत किती शार्प-फ्लॅट आहेत. दोन्ही हात एकाच वेळी किती वेगळं काम करतात. हाताला एका जागेवरून किती लांब उडी मारावी लागते. आणि पीस किती लांब आहे. पहिल्या ग्रेडला सहसा एक पान, एखाद-दुसरा शार्प किंवा फ्लॅट, आणि हात बहुतेक पाच पट्ट्यांच्या घरात. पाचवीला दोन पानं, सलग पेडल, दोन्ही हातांत वेगवेगळी लय. आठवीला बेथोव्हनच्या सोनाटाचा अख्खा भागही येऊ शकतो.

अराबेस्क या चौकटीत ठेवून पाहा. पट्टी ए मायनर, म्हणजे सुरुवातीला शार्प-फ्लॅट नाहीत. उजव्या हाताचे पाच सूर एका हातात बसणारे, बोटांना लांब जावं लागत नाही. डावा हात सुरुवातीला नुसते तीन सुरांचे ठोके धरून असतो. अवघड आहे ती लय, आणि मधला तो भाग जिथं दुबळा डावा हात उजव्यासारखा पळायला लागतो. ताईंची पंचाईत तिथंच व्हायची, हे लक्षात घ्या. म्हणून हे पीस दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या आसपासचं ठरतं. पाचवीचं नाही. सुटीत सोनपेठला त्यांनी ते छोट्या कीबोर्डवर वाजवलं होतं आणि पट्ट्या कमी पडल्या नव्हत्या, ही आठवणही त्याला दुजोरा देते. पाच सप्तकांच्या बाहेर जाणारं पीस खालच्या ग्रेडला क्वचितच येतं.

याच्या उलट एक सोपी तुलना करून बघण्यासारखी आहे. क्लेमेंतीची सी मेजरमधली सोनाटिना, ओपस ३६, क्रमांक १, १७९७ साली छापलेली. तिची सुरुवात सा ग सा प प, सा ग सा प अशी, पहिले दोन पंचम मंद्र आणि शेवटचा मध्य. ही धून दोन वेळा ऐकली की कुणालाही गाता येते, म्हणून ‘फार सोपं पीस’ अशी आठवण राहते. पण तिच्यात दोन्ही हातांना समान वेगानं धावणारे सूर आहेत, पहिला भाग नीट पूर्ण वाजवायला पायाभूत तयारी लागते. धून सोपी आणि पीस सोपं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शोधताना धून सोपी म्हणून ग्रेड खाली ओढू नये.

जिथं ही सगळी रीत तोकडी पडते ती जागाही सांगितली पाहिजे. सी यादीतलं, विसाव्या शतकातलं पीस असेल तर बहुतेक वेळा ना जुने कोश उपयोगी, ना हक्कमुक्त स्वरलेखनांचे संग्रह. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बार्टोक १९४५ साली वारला, त्याची लहान मुलांची पिसं आता इथं मोकळी आहेत. काबालेव्हस्की १९८७ साली वारला, त्याचे मुलांसाठीचे ओपस २७ आणि ओपस ३९ हे संच २०४७ संपेपर्यंत हक्काखाली राहतील. हयात संगीतकारांनी परीक्षेसाठी म्हणून लिहिलेली पिसं तर त्या एका पुस्तकाबाहेर कधी छापलेलीच नसतात. त्यांच्यासाठी एकच वाट: पट्ट्यातल्या ग्रेडच्या जुन्या अभ्यासक्रमांच्या याद्या मिळवायच्या, त्या वर्षांची पुस्तकं किंवा मंडळानं काढलेली पिसांची ध्वनिमुद्रणं शोधायची, आणि आपला कागद आधी लिहून ठेवलेला असेल तरच ती ऐकायची. मुंबईत धोबी तलावजवळच्या फुर्ताडोज या जुन्या दुकानात नव्या वर्षांची पुस्तकं मिळतात. मागच्या वर्षांची मात्र निवृत्त शिक्षकांच्या कपाटात आणि जुन्या पुस्तकांच्या हातगाड्यांवरच शोधावी लागतात.

पुढच्या पानांवर सरगमनुसार लावलेली सूची आहे. प्रत्येक धुनेसमोर संगीतकार, ओपस, क्रमांक, पट्टी, ठेका आणि कुठून कुठपर्यंतच्या ग्रेडला ती येऊ शकते तो पट्टा दिला आहे. दोन किंवा तीन पिसं जुळत असतील तिथं त्यांच्यातला फरक कोणत्या बारला दिसतो ते लिहिलं आहे. सूचीत ज्या धुनांपुढं नाव नाही, त्या अजून उलगडलेल्या नाहीत. त्यांत ताईंचीच दुसरी धून आहे, त्याच पुस्तकातली, सी यादीतली: तीनचा ठेका, सा ग म ग, तीव्र मध्यमावर थोडी रेंगाळणारी, शेवटी डावा हात उजव्याच्या वरून ओलांडून एकच उंच सूर वाजवतो. हात ओलांडणं ही लक्षात राहणारी खूण आहे आणि खालच्या ग्रेडच्या पिसांत ती फार वेळा येत नाही. दोन हजार सालाच्या आगेमागेची दुसऱ्या ते चौथ्या ग्रेडची पुस्तकं ज्यांच्या घरी असतील, त्यांनी सी यादीतली पिसं उघडून शेवटची ओळ तेवढी पाहावी.